बाईंनी मागितलेला ताळा



गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्यांनी पहिल्यांदाच स्मार्टफोन घेतला होता. "अगं, भाच्यानं पेन्शनचा फोटो पाठवलाय. त्यात काय लिहिलंय ते सांग."

तो हयातीच्या दाखल्याचा स्क्रीनशॉट होता. पेन्शनर हयात असल्याचा हा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. तो पोहोचला नाही, तर पुढचं पेन्शन थांबतं. बाईंचं घर त्यावरच चालतं. भाच्यानं त्यांना तालुक्याच्या केंद्रावर नेऊन अंगठा देऊन ऑनलाइन दाखला काढला होता.

मी बघितलं. हिरवी खूण, खाली 'सक्सेसफुली जनरेटेड' आणि प्रमाण आयडी. म्हटलं, "बाई, झालंय. निश्चिंत राहा."

बाई म्हणाल्या, "जनरेटेड म्हणजे तयार झालं. पोहोचलं असं कुठं लिहिलंय?"

वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारी मी गप्प झाले. बाईंचं बरोबर होतं. दाखला तयार होणं ही एक पायरी, आणि पेन्शन देणाऱ्या कचेरीनं तो स्वीकारणं ही दुसरी. हिरवी खूण पहिल्या पायरीची होती. शिवाय स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. नंतर कचेरीनं दाखला नाकारला, तरी त्यातली खूण हिरवीच राहणार.

"मग ताळा करू," बाई म्हणाल्या. पेन्शनच्या आदेशाचा जुना कागद त्यांनी पेटीतून काढला. दोन बोटांनी फोटो मोठा कसा करायचा, ते मी फोनवरच सांगितलं. पहिल्यांदा फोटो बंदच झाला. दुसऱ्यांदा जमलं. मग त्या कागदावरचा पीपीओ क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागल्या आणि मी माझ्या स्क्रीनवर बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "सहा, तीन." माझ्यापुढे होतं तीन, सहा.

केंद्रावर टाइप करताना आकडे उलटे पडले होते. चुकीच्या तपशिलाचा दाखला कचेरी नाकारू शकते. मी तो प्रमाण आयडी संकेतस्थळावर टाकून पाहिला. दाखला नाकारलाच गेला होता. नाकारलेला दाखला दुरुस्त होत नाही, योग्य तपशील भरून नवा काढावा लागतो. महिना संपायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन केंद्रावर गेल्या. मुलानं टाइप केलेला प्रत्येक आकडा त्यांनी वाचायला लावला, मगच अंगठा दिला. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या स्वतः स्थिती बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मला एक स्क्रीनशॉट आला. दाखला स्वीकारला होता. खाली बाईंनी मराठीत टाइप केलं होतं: "ताळा जुळला."

सातवीत माझं उत्तर बरोबर असूनही बाईंनी अर्धा गुण कापला होता. ताळा लिहिला नव्हता म्हणून. बाई आज समोरच बसल्या आहेत. तो अर्धा गुण मी आता मागणार नाही.