फरशीच्या अंदाजाची तपासणी
(आकाशवाणी भाषण)

नव्या सदनिकेचा ताबा मिळाल्यावर, अथवा जुन्या घराचे नूतनीकरण मनावर घेतल्यावर, गृहस्थाच्या हाती ठेकेदाराकडून जो पहिला कागद पडतो तो अंदाजपत्रकाचा. आणि त्यात फरशीच्या रकान्यात बहुधा एकच ओळ असते : दालनाचे क्षेत्रफळ इतके, त्यावर शेकडा दहा तूटफूट, म्हणून एकंदर पेट्या इतक्या. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरीही तो आकडा चुकीचा असू शकतो. कारण फरशी ही क्षेत्रफळाने अंथरली जात नाही, ती ओळींनी अंथरली जाते. आजच्या भाषणात या एकाच गोष्टीचा उलगडा करावा असा माझा विचार आहे.

आपल्या सोलापुरात पूर्वी हा प्रश्न या स्वरूपात उभा राहत नसे. शहाबाद हे गाव सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच असल्याने तिथला करडा दगड आपल्या वाड्यांत आणि चाळींत मुबलक वापरला गेला. शहाबादी फरशी ब्रासच्या हिशेबाने, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या मापाने घ्यावी, गवंड्याने ती जागेवर छिन्नीने घडवावी, आणि लहानमोठ्या मापांचे दगड जिथे जसे बसतील तिथे तसे बसवावेत, अशी रीत होती. त्यामुळे एका ठिकाणचा तुकडा दुसऱ्या ठिकाणी खपून जाई आणि क्षेत्रफळावर थोडी वाढ धरली की भागत असे. आज गुजरातेतील मोरबीहून येणारी कारखान्याची फरशी मात्र एका ठरीव मापाची असते, तिच्या सांध्यांची रेषा सरळ धावावी लागते, आणि म्हणून तिचा तुकडा कुठेही चालत नाही. पद्धत बदलली, अंदाज बांधण्याची सवय मात्र ब्रासच्या काळातलीच राहिली.

आता एक उदाहरण घेऊ. जुळे सोलापूर भागातील एखाद्या सदनिकेचे दिवाणखान्याचे दालन दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब आहे असे समजा. क्षेत्रफळ 140 चौरस फूट. फरशी ‘दोन बाय दोन’ची. येथेच पहिली सावधगिरी बाळगावयास हवी, कारण बोलण्यात जिला आपण दोन फुटी म्हणतो ती वस्तुतः 600 मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांस सुमारे पाव ते अर्धा इंच कमी असते. एका पेटीत अशा चार फरशा, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट माल येतो. सोळा चौरस फूट नव्हे. दालनाच्या 140 चौरस फुटांत शेकडा दहा मिळवले की 154 होतात, त्यांस साडेपंधराने भागले की जवळजवळ दहा पेट्या होतात, आणि अंदाजपत्रकात दहाचा आकडा लिहिला जातो.

आता तोच हिशेब ओळींनी करून पाहू. दहा फूट म्हणजे 3048 मिलिमीटर. दोन फरशांमधील सांधा दोन मिलिमीटरचा धरला तर प्रत्येक फरशी 602 मिलिमीटर जागा व्यापते. म्हणून रुंदीत पाच अखंड फरशा बसून 38 मिलिमीटर, म्हणजे दीड इंच जागा उरते. लांबीत सात अखंड बसून 53 मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच उरतात. या उरलेल्या दीड-दोन इंचांचे काय करावयाचे, या प्रश्नाच्या उत्तरावर सारा अंदाज अवलंबून आहे, आणि नेमका हाच प्रश्न अंदाजपत्रकात विचारलेला नसतो.

पहिला मार्ग असा की, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यापासून अखंड फरशी लावीत जावे आणि समोरच्या दोन भिंतींलगत बारीक पट्ट्या भराव्यात. पस्तीस अखंड फरशा, पट्ट्यांसाठी आणखी दोन, आणि फुटीसाठी दोन-तीन, असा चाळिसांचा, म्हणजे दहा पेट्यांचा हिशेब जुळतो. ठेकेदाराचा आकडा या मांडणीपुरता खरा आहे. परंतु दीड इंची पट्टी कापताना तडकते, तिच्याखाली मसाला नीट भरत नाही, आणि भिंत किंचित तिरपी असली की ती पट्टी एका टोकाला दीड इंच तर दुसऱ्या टोकाला अर्धा इंच दिसून त्या वाकडेपणाची जाहिरातच करते. म्हणून जाणता गवंडी दुसरा मार्ग सुचवतो : रुंदीत पाचांऐवजी चारच अखंड फरशा मधोमध घ्यावयाच्या आणि दोन्ही भिंतींलगत सारखे, साधारण साडेबारा इंचांचे तुकडे लावावयाचे. दिसावयास हे निश्चित उत्तम. मात्र साडेबारा इंच म्हणजे अर्ध्या फरशीहून थोडेसे अधिक. त्यामुळे एका फरशीतून असे दोन तुकडे निघत नाहीत, एकच निघतो, आणि उरलेला अकरा इंची भाग बाजूला पडतो. रुंदीत आता सहा फरशा लागतात. लांबीतही हाच न्याय लावला तर तेथे आठ लागतात. सहा आठे अठ्ठेचाळीस, म्हणजे फुटीसाठी एकही फरशी न धरता बारा पेट्या. ज्या दालनाचे क्षेत्रफळ सदतीस फरशांच्याही आत आहे त्यास अठ्ठेचाळीस फरशा लागतात, आणि तूटफूट शेकडा दहा न राहता शेकडा तीसच्याही वर जाते. चूक कोणाचीच नाही, मांडणी बदलली.

मला स्वतःला मधला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. रुंदीत दोन्ही बाजूंना सारखे तुकडे घ्यावेत, कारण प्रवेश करताना तीच बाजू नजरेत भरते. आणि लांबीत सात अखंड ओळी घेऊन दोन इंचांची पट्टी खिडकीखालच्या भिंतीशी, जिथे पलंग अथवा सोफा येणार तिथे ठेवावी. या मांडणीस सहा साते बेचाळीस फरशा पुरतात, कारण शेवटची पट्टी बाजूला पडलेल्या अकरा इंची तुकड्यांतूनच निघते. फुटीसाठी दोन मिळवून चव्वेचाळीस, म्हणजे अकरा पेट्या.

येथे भिंतीच्या तळाची चार इंची पट्टी, जिला आपण स्कर्टिंग म्हणतो, तिचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण उघड्या जागांची वजावट फरशीच्या कामात मुख्यत्वे तिथे येते. दालनाचा घेर अठ्ठेचाळीस फूट. त्यातून मुख्य दार, शयनगृहाचे दार, स्वयंपाकघराकडची मोकळी वाट आणि गच्चीचे दार मिळून पंधरा फूट वजा केले तर तेहतीस फूट उरतात. खिडकी वजा करावयाची नाही, कारण तिच्याखाली भिंत असते. कोपऱ्यांचे जोड धरून दोन फुटी वीस पट्ट्या लागतील, आणि एका फरशीतून पाच निघतात. म्हणजे चार फरशा, एक पेटी. पहिल्या मांडणीत ही पेटी नव्याने आणावी लागते आणि दहाच्या अकरा होतात. मधल्या मांडणीत मात्र उरलेल्या बारा तुकड्यांतून प्रत्येकी दोन, अशा चोवीस पट्ट्या निघतात आणि स्कर्टिंगची पेटी आणावीच लागत नाही. स्वस्त वाटलेली मांडणी आणि देखणी मांडणी, दोहोंस शेवटी अकराच पेट्या! यास्तव ज्या अंदाजपत्रकात तूटफूटही भरघोस धरली आहे आणि स्कर्टिंगचीही पेटी स्वतंत्र लिहिली आहे, तिथे तुकड्यांचे काय होणार, असे अवश्य विचारावे. एवढे खरे की, यांपैकी निम्म्या पट्ट्यांना वरची कड कापलेली येईल, आणि ती घासून गुळगुळीत करण्याची मजुरी ठरवताना बोलून घ्यावे लागेल.

उलट, एक उघडी जागा अशी आहे की जिचे क्षेत्र वजा न होता वाढते. दाराच्या चौकटीखालची, भिंतीच्या जाडीएवढी जागा दालनाच्या मापात येत नाही. तीन फूट रुंद दाराखाली ती दीड चौरस फूट भरते. तिथे कडप्पा वा ग्रॅनाइटचा उंबरा बसणार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तिची फरशी अंदाजात दिसली पाहिजे.

वजावटीविषयी आणखी एक खुलासा करतो. गिलावा आणि रंग यांच्या मोजमापास भारतीय मानक 1200 मध्ये निश्चित नियम आहेत : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करावयाची नाही, अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतची असल्यास, दोन्ही अंगांचे काम एकसारखे असताना, एकाच अंगाची वजावट करावयाची, आणि या दोन्ही प्रसंगी कडांचे माप निराळे धरावयाचे नाही. तीन चौरस मीटरांहून मोठी असेल तर दोन्ही अंगे वजा करून कडा मोजून मिळवावयाच्या. हे नियम मजुरीचे देणे ठरवण्यासाठी आहेत. खिडकी वजा केली नाही म्हणून रंगाऱ्याशी वाद घालू नये. परंतु खिडकीही वजा नाही आणि कडाही वेगळ्या लावल्या आहेत, असे आढळले तर मात्र आक्षेप घ्यावा. हेच नियम मालाच्या खरेदीस लावले तर कधी माल उरेल, कधी अपुरा पडेल.

आता मोजण्याविषयी. नकाशावरील माप पुष्कळदा विटेपासून विटेपर्यंतचे असते. दोन्ही भिंतींना अर्धा-अर्धा इंच गिलावा चढला की दहा फुटांचे नऊ फूट अकरा इंच होतात. आपल्या उदाहरणात एवढ्याने दीड इंची पट्टी अर्ध्या इंचावर येते आणि स्कर्टिंगच्या जाडीखाली झाकलीही जाऊ शकते. म्हणून फीत प्रत्यक्ष जमिनीलगत, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत लावावी, आणि प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना मोजावी. नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. दहा बाय चौदाचे दालन गुण्यात असेल तर प्रत्येक कर्ण सतरा फूट अडीच इंच भरतो; दोहोंत इंचाहून अधिक अंतर पडले तर कडेचे तुकडे पाचरीसारखे कापावे लागणार आणि फुटीसाठी धरलेल्या दोन फरशांच्या जागी चार धराव्यात.

एका घरात एका पेटीची चूक क्षुल्लक भासेल. परंतु आपल्याच शहरालगत कुंभारी येथे रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांस सुपूर्त झाली; एवढ्या संख्येच्या वसाहतीत घरामागे चार फरशांची एक पेटी अंदाजात चुकली तर साठ हजार फरशांचा फरक पडेल.

तेव्हा माझी विनंती इतकीच की, पेट्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी गवंड्याकडून प्रत्येक दालनाची मांडणी चौकटीच्या कागदावर काढून घ्यावी, अखंड फरशा आणि कापलेले तुकडे आपण स्वतः मोजावेत, आणि त्या बेरजेवर एक पेटी भविष्यातील दुरुस्तीसाठी अधिक घ्यावी. सर्व पेट्या एकाच वेळी घ्याव्यात आणि त्यांवरील छटेचा व घाण्याचा क्रमांक एकच असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी, कारण पुढे आणलेली फरशी त्याच नावाची असूनही रंगात वेगळी निघते. आणि न फोडलेली पेटी परत घेतली जाईल, असे पावतीवर लिहून घ्यावे.