पहिल्या घासाबरोबर



मिरजेला रोग्यांचे स्वागत करण्याची सवय विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उघडले तेव्हापासूनची आहे. आणि गाडीतून उतरणारा पाहुणा तंबोऱ्याची चौकशी करणार की दवाखान्याची, हे स्टेशनावरचे टांगेवाले त्याच्या चालीवरूनच ओळखीत, असे आमच्या घरची वडील माणसे सांगत. आज आपणांपैकी बहुतेकजण दुसऱ्या वर्गातले आहेत, आणि यजमान असलो तरी मीही त्याच वर्गातला आहे, हे आरंभीच रुजू करून स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाच्या थोरवीचा पाढा वाचावा, असा शिरस्ता आहे. तो मी एवढ्यावरच आटोपता घेतो. कारण ज्या गोष्टीचा उच्चार चारचौघांत करण्याचा संकोच धरल्यामुळे मी आयुष्याची चार वर्षे आणि अंगाचे बारा किलो वजन गमावले, त्या गोष्टीविषयी, म्हणजे शौचाविषयी, आज मला मोकळेपणाने बोलावयाचे आहे. मी तेहतीस वर्षे महसूल खात्यात काढली. जमाखर्च, थकबाकी आणि पंचनामे यांतच आयुष्य गेले असल्यामुळे माझे निवेदन वैद्यकीय न वाटता कारकुनी वाटेल, त्याबद्दल क्षमा असावी.

माझ्या दुखण्याची पहिली खूण पोटदुखी नव्हती, किंबहुना असलीच तर ती मी पित्तावर ढकलली होती. खूण होती ती वेगळीच. शौचाचा रंग हळूहळू फिका, मातकट होत गेला, प्रमाण वाढले, दुर्गंधी अशी की घरातली माणसे काही न बोलता खिडक्या उघडू लागली, आणि भांड्याला चिकटलेला तेलकट थर दोनदोन बादल्या पाणी ओतले तरी सुटेना. कोणी त्याला जुनाट आमांश म्हटले, कोणी संग्रहणी. औषधे बदलली, गावे बदलली, मळाचा रंग मात्र बदलला नाही. अखेरीस एका तरुण डॉक्टरने, माझा सारा संकोच बाजूला सारून, "काका, पाण्यावर तेलाचे थेंब तरंगताना दिसतात का?" असा प्रश्न केला. तोपर्यंत तो मला कोणी विचारलाच नव्हता. पुढे सीटी तपासणीत स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे आढळले. आणि मळातील इलॅस्टेज नावाच्या पाचकद्रव्याचा आकडा, जो दोनशेच्या वर असावा लागतो, तो माझ्या कागदावर अडतीस होता.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. फिका मळ दोन प्रकारचा असतो. त्याच्याबरोबर डोळे पिवळे आणि लघवी गर्द झाली असेल, तर तो पित्ताची वाट अडल्याचा निर्देश होय. सुजलेल्या स्वादुपिंडामुळेही ती वाट दाबली जाते, आणि असे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठले पाहिजे. आमचा नेहमीचा फिकेपणा मात्र पित्ताच्या अभावाचा नसून न पचलेल्या स्निग्धांशाच्या अतिरेकाचा असतो.

हा स्निग्धांश पचवितो कोण, याचा छडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने एका सशाच्या आतड्यात लावला. सशाचे पित्त आतड्यात जेथे उतरते, त्याच्या हातभर खाली स्वादुपिंडाचा रस उतरतो. स्निग्ध अन्न दिलेल्या सशाचे पोट उघडून पाहता आतड्यातील सूक्ष्म रसवाहिन्या पित्ताच्या मुखापासून नव्हे, तर स्वादुपिंडाच्या मुखाच्या पलीकडेच दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या त्याला दिसल्या. त्या रसातील लायपेज हे द्रव्य नसेल तर तूप असो, तेल असो, ते शरीराच्या दारावरून तसेच परत जाते. निसर्गाने या खात्यात उदार शिल्लक ठेवलेली आहे. लायपेजची निर्मिती मूळच्या दशांशाच्याही खाली येते तेव्हाच मळातून तेल वाहू लागते. म्हणून तेल दिसले याचा अर्थ तिजोरी जवळजवळ रिकामी झाली, असा समजावा.

निदान झाल्यावर मी दोन चुका केल्या, आणि त्या चुकांची हकिकत सांगणे हेच माझ्या आजच्या भाषणाचे प्रयोजन आहे.

पहिली चूक अशी की तेल पचत नाही असे कळताच मी तेलावर जप्ती आणली. फोडणी बंद, दाण्याचे कूट बंद, दूध साय काढलेले, भाकरीला तुपाचा स्पर्श नाही. मळ थोडासा आवरला, आणि मी विजयी झालो अशी समजूत करून घेतली. पण अठ्ठावन्न किलोंचा मी शेहेचाळीसांवर आलो. संध्याकाळी अंगणातली पायरी दिसेना, किंचित आपटले तरी कातडीखाली निळे डाग उमटू लागले. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्याच पाठीवर बसून शरीरात शिरतात, आणि मी तर ते वाहनच अडवून धरले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी माझी फर्द पाहिली व म्हणाल्या, "तुम्ही रोगाला उपाशी ठेवीत नाही, स्वतःला ठेवीत आहात." युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे, की पाचकद्रव्ये पुरेशी देऊनही तेलकट मळ आवरत नसेल तरच स्निग्धांश कमी करावा, सरसकट नव्हे. बाईंनी त्याबरोबर कोंडा आणि चोथा यांचा अतिरेकही टाळावयास सांगितला, कारण त्याने कॅप्सूलच्या कामात अडथळा येतो.

दुसरी चूक कॅप्सूलविषयीची. कॅप्सूल पंचवीस हजार युनिट लायपेजची होती, आणि हुकूम होता मुख्य जेवणाला दोन, अल्पाहाराला एक. मी मात्र कचेरीतल्या जुन्या सवयीने, घड्याळाच्या ठोक्याला, जेवणापूर्वी अर्धा तास घेत असे. परिणाम शून्य. त्याचे कारण समजल्यावर हसूच आले. कॅप्सूलमधील बारीक दाण्यांवर जे वेष्टन असते ते आम्लात टिकते आणि आम्लता उतरल्यावर, आतड्यात, विरघळते. वेष्टन नसते तर जठराच्या आम्लात लायपेज केव्हाच नष्ट झाले असते. ते दाणे अन्नात मिसळून अन्नाबरोबरच पुढे सरकावे लागतात. मी त्यांची रवानगी अर्धा तास आधीच करीत होतो; कारकून कचेरीत हजर, आणि पक्षकार अजून घरी, असा तो प्रकार! आता पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण निम्मे झाल्यावर दुसरी घेतो. चावीत नाही, आणि गरम पदार्थावर उघडून टाकीत नाही.

एवढे करूनही सकाळचा मळ फिका येई. तेव्हा बाईंनी माझ्याकडून एका दिवसाची रोजकीर्द लिहून घेतली. चमचाभर तेल म्हणजे पाच ग्रॅम, असे धरून हिशेब मांडला : न्याहारीचे पोहे पाच आणि पेलाभर गायीचे दूध आठ, मिळून तेरा, दुपारचे जेवण दहा, रात्रीचे दहा, आणि चार वाजता, चहाबरोबर, मूठभर भाजलेले शेंगदाणे चौदा ग्रॅम. एकूण सत्तेचाळीस. न्याहारी आणि दोन्ही जेवणे यांच्या पदरी कॅप्सूल होती, पण शेंगदाण्यांना मी "खाणे" समजतच नव्हतो. म्हणजे दिवसभरातले सर्वांत स्निग्ध खाणे विनापरवाना आत जात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बाकी निघत होती. चारच्या चहाला एक कॅप्सूल दिल्यावर आठवड्यात फरक दिसला.

उरलेली थोडी थकबाकी वसूल झाली ती आम्ल कमी करणाऱ्या गोळीने. निरोगी स्वादुपिंड लायपेजबरोबर अल्कलीही सोडते; आमचे ते सोडीत नाही, म्हणून आतडे आम्लच राहते आणि दाण्यांचे वेष्टन वेळेवर उघडत नाही. वर्षभरात मी बावन्न किलोंवर आलो. मात्र अन्न अंगी लागू लागताच रक्तातील साखरही वर गेली व आधीपासून चालू असलेल्या इन्सुलिनचे प्रमाण बदलावे लागले, हेही नोंदवितो.

काही सूचना आणखी. कॅप्सूल लागू पडते की नाही, हे पाहण्यासाठी इलॅस्टेजची तपासणी पुन्हा करून घेण्यात अर्थ नाही. ती केवळ माणसाच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचे उत्पादन मोजते, कॅप्सूलमधले नव्हे. लागू पडल्याचा दाखला वजन, मळाचा रंग आणि जीवनसत्त्वांची पातळी हाच. मात्रा पुरेशी असूनही तेल दिसत राहिले तर आतड्यातील जंतूंची अवाजवी वाढ वगैरे कारणे डॉक्टरांनी शोधावीत. आणि दुसरे म्हणजे, दुकानात मिळणाऱ्या पपेन आणि डायस्टेजच्या पाचक गोळ्यांना या कॅप्सूलचा पर्याय समजू नये. या कॅप्सूलमधील द्रव्य डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते, ही गोष्ट शाकाहारी व मुस्लिम बांधवांपासून लपवू नये. ती स्पष्ट सांगावी, ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे आणि गुरुजनांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा, कारण न सांगता घ्यावयास लावलेले औषध पुढे न सांगता सोडले जाते, हा माझा अनुभव आहे. वेदनेवर मात्र या कॅप्सूलचा भरवसा धरू नये, आणि दारू व तंबाखू सुटल्याविना कोणताही हिशेब जुळणार नाही.

आता स्वागत समितीने काय व्यवस्था केली आहे, तेवढे सांगून मी आपली रजा घेतो. भोजनात ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दुधी भोपळ्याची भाजी, भात आणि ताक आहे. प्रत्येक ताटात दोन चमच्यांहून अधिक तेल जाणार नाही, आणि तूप ताटात न वाढता वेगळ्या वाटीत, मागेल त्याला, दिले जाईल. चारच्या चहाबरोबर शेंगदाणे ठेवलेले आहेत. ते मुद्दाम ठेवले आहेत. प्रत्येक मेजावर पिण्याचे पाणी आहे. दीड वाजता घंटा होईल. तिला भोजनाची घंटा समजावे, कॅप्सूलची नव्हे. कॅप्सूलची वेळ पहिला घास हातात घेतल्यावर होते. तेवढी सवय आपण येथून बरोबर नेलीत, तर मिरजेने पाहुणचार केला असे मी समजेन.