सळई मोजून नव्हे, तोलून घ्या

जालन्यात सळईचे कारखाने उदंड, त्यामुळे ब्रँड कोणता, हा प्रश्न घर बांधणाऱ्याला आधी पडतो. माझं मत असं, की नावाआधी सळईवरचा ठसा वाचा. कंपनीची खूण आणि ग्रेड सळईवरच उठवलेली असते. लहान घराला एफई ५०० डी उत्तम. त्यातल्या ‘डी’मुळे सळई तुटण्याआधी जास्त ताणली जाते.

मग वजन करा. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागा. एक मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरच्या सळईला ते ०.८८९ येतं, म्हणजे १२ मीटरची एक सळई सुमारे १०.६७ किलोची. दहा सळयांचे साधारण १०६ किलो ७०० ग्रॅम भरायला हवेत. भारतीय मानकात या जाडीला पाच टक्के सूट आहे, म्हणून काटा १०१ किलोच्या खाली गेला तर माल परत करा. अशी हलकी सळई नगावर घेतली, तर पैसे पूर्ण जातात आणि स्लॅबमध्ये लोखंड कमी पडतं. सळईच्या मोळीला लावलेल्या चिठ्ठीवरचा हीट नंबर कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्राशी जुळतो का, तेही बघा.

आता सिमेंटकडे वळू. त्याच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी गोणी चाचणीशिवाय वापरू नका. पीपीसीला ४३ किंवा ५३ असा ग्रेड नसतो. तो ओपीसीला असतो. गोणीवरचा आयएसआय परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहा, आणि पक्क्या बिलावर सळईचा हीट नंबर लिहून घ्या.