दुपारच्या साठ पानांचा हिशेब

एखादा लहान भोजन-व्यावसायिक एखाद्या कंपनीस रोजच्या दुपारच्या जेवणाचा प्रस्ताव लिहू लागला, की पहिला कागद पदार्थांच्या यादीने भरून जातो. यादी हवीच, परंतु असा व्यवहार टिकणे न टिकणे पुष्कळसे यादीखालच्या दोन कलमांवर अवलंबून असते. पहिले पानांच्या संख्येचे, दुसरे पैसे मिळण्याच्या मुदतीचे.

उदाहरणादाखल बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एक कंपनी घ्यावी. तेथे साठ माणसे जेवणारी आहेत, आणि दोघी जावा मिळून चालवीत असलेले एक स्वयंपाकघर त्यांना चपाती, भाजी, वरण, भात व कोशिंबीर पुरवू इच्छिते. शिधा, भाजी, तेल व गॅस मिळून एका पानास ५५ रुपये लागतात. जागेचे भाडे, दोन स्वयंपाकिणींचा पगार व टेम्पोचा खर्च मात्र दिवसाला २,४०० रुपये ठरलेलाच. पाने साठ असोत की चाळीस, त्यात फरक पडत नाही. साठ पानांवर हा खर्च वाटला म्हणजे पानामागे ४० रुपये येतात. एकूण पडतळ ९५ रुपयांची. कराव्यतिरिक्त १०५ रुपये दर लावल्यास दिवसाकाठी ६०० रुपये सुटतात.

आता शनिवारला जोडून सण आला आणि शुक्रवारी चाळीसच माणसे आली, असे समजावे. खर्च ४,६०० रुपये झाला, मिळाले ४,२००. चारशेचा तोटा! म्हणून प्रस्तावात किमान पन्नास पानांची हमी मागितलेली असते. येथे कंपनीचे व्यवस्थापक अडतात.

"बाई, जे जेवलेच नाहीत, त्यांचे पूर्ण पैसे आम्ही का द्यावेत?"

"पूर्ण देऊ नका, साहेब," थोरल्या बाई उत्तरतात. "जे पान रांधलेच नाही, त्याच्या शिध्याचे पैसे आम्हांला नकोत. भाडे आणि पगार मात्र त्या दिवशीही द्यावेच लागतात."

या उत्तरात न्याय्य कलम दडलेले आहे. पन्नास पानांवर ठरलेला खर्च वाटला असता पानामागे ४८ रुपये येतात. तेव्हा कमी पडलेल्या दहा पानांचे प्रत्येकी १०५ न घेता ४८ रुपयेच घ्यावेत. मग त्या शुक्रवारी ४,६८० रुपये मिळतात. तोटा टळतो आणि कंपनीसही लुबाडल्यासारखे वाटत नाही. अट एवढीच, की संख्या आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत कळावी, कारण भाजी संध्याकाळीच खरेदी होते. सकाळी कळलेली घट पाच पानांपर्यंत सोसता येईल. त्यापुढील पाने रांधली गेली असे धरून पूर्ण दराने मोजावी लागतील.

दुसरे कलम मुदतीचे. महिन्याच्या अखेरीस बिल आणि त्यानंतर तीस दिवसांनी पैसे, ही रीत कंपनीस सोयीची असते. परंतु महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले, तर पहिला रुपया हाती येण्यापूर्वी दोन महिने जेवण घालावे लागते. दिवसाचा खर्च ५,७०० रुपये. म्हणजे अडीच लाखांची पदरमोड. हिशेबात नफा दिसत असतानाही किराणा दुकानदाराची उधारी चढते, ती यामुळे. बिल पंधरवड्याने द्यावे व पैसे सात दिवसांत मिळावेत असे ठरले, तर हीच गुंतवणूक ९१ हजारांच्या आसपास राहते. सूक्ष्म व लघु उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाहीत. म्हणून अन्न-परवान्याच्या चौदा आकडी क्रमांकाबरोबर 'उद्यम' नोंदणीचा क्रमांकही प्रस्तावात असावा.

राहिली अन्नाच्या सुरक्षिततेची हमी. 'ताजे व स्वच्छ' हे शब्द तपासता येत नाहीत; वेळ व उष्णता तपासता येते. भाताविषयी विशेष दक्षता हवी. त्यातील काही जंतूंची बीजे शिजवूनही जिवंत राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिल्यास वाढून विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून प्रस्तावात असे लिहावे, की भात साडेदहानंतर शिजेल, झाकणाच्या उष्णतारोधक डब्यांतून साडेबारास पोहोचेल, आणि उतरवून घेताना कंपनीचा माणूस उष्णतामापकाने तो ६० अंशांच्या वर असल्याचे पाहून वहीत नोंद करील. त्याखालचा डबा परत जाईल व त्याचे पैसे लागणार नाहीत.

अखेरीस दोन आठवड्यांचा प्रायोगिक करार सुचवावा. तेवढ्या दिवसांच्या वहीवरून खरी पाने साठ की त्रेपन्न, हे उभय पक्षांस दिसते, आणि वर्षाचा दर त्याच आकड्यावर ठरविता येतो.