एसपीएफ ३०, ५० आणि १०० : एका टक्क्याचा हिशेब

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका प्रश्नावरून आलाय, आणि तो प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. मेडिकलच्या दुकानात सनस्क्रीनच्या दोन ट्यूब समोर असतात. एकीवर एसपीएफ ३०, दुसरीवर ५०. दुसरी महाग. घरी येऊन वाचावं तर कळतं, की ३० वाली ९७ टक्के किरण अडवते आणि ५० वाली ९८ टक्के. म्हणजे एका टक्क्यासाठी एवढे जास्त पैसे? ही कंपन्यांची लबाडीच नाही का?

तर आज आपण हा एक टक्का नीट उलगडून बघू. आकडे थोडेच आहेत, आणि पाढ्यांच्या पलीकडचं गणित लागणार नाही.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. चाचणीसाठी काही माणसांच्या पाठीवर छोटे चौकोन आखतात. काही चौकोनांना सनस्क्रीन लावतात, काही कोरे ठेवतात, आणि दोन्हींवर सूर्यप्रकाशासारख्या दिव्यातून अतिनील किरण सोडतात. दुसऱ्या दिवशी कुठे लाली आली ते बघतात. कोऱ्या त्वचेला किमान लाली यायला जेवढे किरण लागले, त्याच्या ३० पट किरण सनस्क्रीनखालच्या त्वचेला लागले, तर एसपीएफ ३०. बस, इतकंच. ३० पट किरण टाकल्यावर तेवढीच लाली आली, याचा अर्थ दर ३० मधला एकच किरण आत पोचत होता.

म्हणून टक्केवारी काढणं सोपं आहे. एकाला त्या आकड्यानं भागायचं. १००० किरण वरून आले असं धरू. एसपीएफ १५ मधून साधारण ६७ आत जातील, ३० मधून ३३, ५० मधून २० आणि १०० मधून १०. अडवलेले किती ते बघितलं, तर हेच आकडे अनुक्रमे ९३, ९७, ९८ आणि ९९ टक्के असे दिसतात.

आता गंमत बघा. गणित तेच आहे, पण आपण कुठल्या बाजूनं बघतो त्यावर फरक लहान किंवा मोठा दिसतो. कौलारू घर आठवा. पावसाळ्यात छप्पर गळतंय. कौलांनी किती पाणी अडवलं हे घरातलं कोणी मोजतं का? खाली ठेवलेली बादली किती भरली ते बघतात. एका घरात रात्रीत एक बादली भरली आणि शेजारच्या घरात दोन, तर दोन्ही छपरांनी ९८-९९ टक्के पाऊस अडवला हे खरं असूनही शेजारच्याला त्याचं काही समाधान नसतं. त्याच्या घरात दुप्पट पाणी आलंय.

त्वचेचंही तसंच. अडवलेले किरण त्वचेला काही करत नाहीत, जे करायचं ते आत पोचलेले करतात. आणि आत पोचलेले बघितले तर ३० मधून ३३, ५० मधून २०. म्हणजे ३० वालीखाली दीडपटीहून जास्त. ५० आणि १०० मध्ये २० आणि १०, सरळ दुप्पट. ‘फक्त एक टक्का’ हे वाक्य चूक नाही, पण ते कौलांच्या बाजूनं केलेलं मोजमाप आहे.

कोणी म्हणेल, दुप्पट असले तरी १००० मधले २० आणि १०, दोन्ही किरकोळच की. प्रत्यक्षात फरक दिसतो का? हे तपासणारी एक चांगली चाचणी आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात व्हेल नावाचं स्कीइंगचं ठिकाण आहे, अडीच हजार मीटरच्या आसपास उंचीवर. उंची जास्त म्हणून ऊन कडक, आणि खालून बर्फ किरण परतवतं ते वेगळंच. तिथे १९९ माणसांना चेहऱ्याच्या एका बाजूला ५० चं आणि दुसऱ्या बाजूला १०० चं सनस्क्रीन लावायला दिलं. कुठल्या बाजूला कुठलं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. दिवसभर नेहमीसारखं स्कीइंग करायचं. दुसऱ्या दिवशी चेहरे तपासले.

११० जणांची ५० वाली बाजू जास्त भाजलेली होती. १०० वाली बाजू जास्त भाजलेली होती अशी माणसं फक्त १०. उरलेल्या ७९ जणांमध्ये दोन्ही बाजूंत फरक आढळला नाही. २०१८ साली ही चाचणी त्वचारोगांच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आली. तिचा खर्च सनस्क्रीन बनवणाऱ्या कंपनीनंच केला होता, हे सांगायला हवं. आणि ती बर्फावरच्या एका दिवसाची गोष्ट आहे, ऑफिसला जाण्या-येण्याच्या उन्हाची नाही. पण एकाच माणसाचे दोन गाल एकाच उन्हात असताना निकाल इतका एकतर्फी यावा, हे ‘एका टक्क्यात’ बसत नाही.

आता प्रश्न असा, की फक्त दुप्पट-निम्म्याच्या फरकानं एवढं झालं का? की आणखी काही आहे? आहे. आणि आजच्या भागातली खरी महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

ती पाठीवरची चाचणी करताना सनस्क्रीन मोजून लावतात. त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. ऐकायला थोडं वाटतं, पण हा थर चांगला जाड असतो. घरी आपण एवढं लावत नाही. लोक प्रत्यक्षात किती लावतात हे अनेकदा मोजलं गेलंय, आणि ते बहुतेक वेळा अर्धा ते एक मिलिग्रॅम भरतं. म्हणजे पाव ते निम्मं.

मग निम्मं लावलं तर ५० चं काय होईल? आपल्याला वाटेल २५. पण जरा विचार करा. पूर्ण थर म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन अर्धे थर. पहिला अर्धा थर काही हिस्सा आत सोडतो, आणि त्यातला तेवढाच हिस्सा दुसरा अर्धा थर सोडतो. दोघांचा मिळून ५० मध्ये एक हवा. मग एकेका अर्ध्या थराचा आकडा किती? सात साते एकोणपन्नास. म्हणजे सात! एकसारख्या पसरलेल्या थराचा कागदावरचा हिशेब सांगतो, की ५० चं सनस्क्रीन निम्मं लावलं तर त्याचं ७ होतं.

खऱ्या त्वचेवर थर काही इतका एकसारखा नसतो. तिथे चवीपुरतं कुठे जास्त, कुठे कमी असा प्रकार असतो. त्यामुळे प्रत्यक्ष चाचण्यांत घसरण नेहमी इतकी तीव्र दिसत नाही, काही ठिकाणी ती निम्म्याच्या, म्हणजे २५ च्याही जवळ आढळलीय. तेव्हा निम्मं लावल्यावर ५० चं ७ ते २५ च्या मध्ये कुठेतरी होतं असं धरून चालू. कुठल्याही टोकानं मोजा, पूर्ण लावलेलं ३० हे निम्म्या लावलेल्या ५० पेक्षा सरस ठरतं.

आता हाच हिशेब टक्क्यांत मांडून बघू. वाईटातलं वाईट धरू. निम्मं लावलेलं ३० म्हणजे साधारण साडेपाच, ५० म्हणजे ७, १०० म्हणजे १०. अडवलेले किरण किती? साधारण ८२ टक्के, ८६ टक्के आणि ९० टक्के. बघितलंत? पूर्ण थरात जे ९७, ९८, ९९ असे खेटून बसले होते, ते पातळ थरात लांब लांब गेले. ३० आणि १०० मधला फरक दोन टक्क्यांचा राहिला नाही, आठ टक्क्यांचा झाला. ‘३० नंतर फरक पडत नाही’ हे विधान मोजून लावलेल्या जाड थरापुरतं खरं वाटतं. आपल्या नेहमीच्या हातानं लावलेल्या थरात तो फरक उघडा पडतो. व्हेलमधल्या मंडळींनाही कोणी मोजून लावायला दिलेलं नव्हतं.

मग आपण किती लावतो हे कसं ओळखायचं? वजनकाटा नको, कॅलेंडर पुरे. चेहरा, मान आणि कान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरू. प्रत्येकी २ मिलिग्रॅमप्रमाणे एका वेळेला १.२ ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब घेतली आणि रोज एकदा लावलं, तर ती चाळीस दिवसांत संपायला हवी. तुमची ट्यूब अडीच-पावणेतीन महिने पुरत असेल, तर तुम्ही निम्मं लावताय. चार महिने पुरत असेल, तर तिसरा हिस्सा. नवीन ट्यूब उघडताना तिच्यावर पेननं तारीख लिहून ठेवा, उत्तर आपोआप मिळेल. एका वेळी एवढं चेहऱ्यावर जिरत नसेल, तर एकदा लावून दहा मिनिटांनी दुसरा हात द्या. दुसऱ्या हातानं सुटलेल्या जागाही भरतात.

दोन गोष्टी या आकड्यात नाहीत, त्या सांगून थांबतो. पहिली, हा आकडा लालीवरून काढलेला आहे, आणि लाली मुख्यतः यूव्हीबी किरणांनी येते. त्वचा काळवंडणं आणि सुरकुत्या यात ज्यांचा मोठा हात असतो, ते यूव्हीए किरण किती अडले हे एसपीएफ नीट सांगत नाही. त्यासाठी ट्यूबवर पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं असतात, ती बघायची. चार चिन्हं म्हणजे सगळ्यात वरची पायरी. तेव्हा ‘९८ टक्के’ म्हणजे सगळ्या उन्हाचे ९८ टक्के नव्हेत, लाली आणणाऱ्या भागाचे.

दुसरी, हा आकडा वेळ सांगत नाही. ‘मी दहा मिनिटांत लाल होतो, म्हणून ५० लावून पाचशे मिनिटं उन्हात’ हा गुणाकार चालत नाही. सकाळी आठचं आणि दुपारी बाराचं ऊन सारखं नसतं, आणि घामानं, रुमालानं थर पुसला जातो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आकडा ३० असो की १००.

तर त्या दुकानातल्या दोन ट्यूबचं काय? रोज थोडा वेळ उन्हात जाणं होत असेल आणि हात सढळ असेल, तर ३० पुरतं. दिवसभर शेतात, मैदानावर, समुद्रावर किंवा ट्रेकला असाल, किंवा ट्यूब तीन-तीन महिने पुरत असेल, तर ५० घ्या. आणि महाग ट्यूब घेतली म्हणून जपून, मटारच्या दाण्याएवढंच लावणार असाल, तर स्वस्तातली ३० घ्या आणि भरपूर लावा. त्या हिशेबात तीच जिंकते.

आजच्यापुरतं एवढंच. ट्यूबवर तारीख लिहिलीत, तर ती किती दिवसांत संपली ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.