आईचे निरोप आणि आपले गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या कार्यक्रमात आपण आईच्या व्हॉट्सॲपवरील निरोपांवर एक विनोदी गाणे बसवले. ते कसे रचले, त्यात काय घातले नि काय गाळले, हे सांगण्याची आज्ञा मला झाली आहे.

विषय घरोघरचा आहे. पहाटे साडेपाचला गुलाबाचे फूल येते. मागोमाग सुविचार, मग गुडघेदुखीवरचा काढा, मग कुठली तरी भयंकर बातमी, आणि शेवटी ‘हा निरोप दहा जणांना पाठवा’. आपल्या लहानपणी देवीच्या नावाने अशी पोस्टकार्डे येत. पण तेव्हा कार्डाला पैसे पडत, हाताने लिहावे लागे. त्यामुळे भक्तीला थोडा आळा बसे. आता बोट टेकवले की झाले.

आमच्या मुलींनी सुरुवातीला नुसती यादी केली होती. फूल, काढा, देव, बातमी, विनोद. यादी कितीही गमतीची असली तरी तिसऱ्या कडव्याला ऐकणारा जांभई देतो, कारण पुढचे येणार ते मागच्यासारखेच, हे त्याला कळून चुकते. तेव्हा एका वडीलधाऱ्या भगिनीने भोंडल्याची आठवण दिली. खड्ड्यापासून निघून जाते, सपिटी, करंज्या, तबक, शेला, पालखी असे करीत माहेरी पोचणारे गाणे आपण सगळ्याच जाणतो. त्यात एका ओळीच्या शेवटची वस्तू पुढच्या ओळीच्या आरंभी येते. एकीने दुसरीच्या हाती द्यावे, तसे. निरोप पुढे ढकलण्याची तऱ्हाही हीच नव्हे काय? म्हणून आम्ही साखळी धरली:

पहाट झाली, फोन वाजला,
फोनामध्ये फूल उमलले,
फुलाखालती सुप्रभात हो,
त्याच्या पाठी आला काढा,
काढ्यापाठी नवी बातमी,
बातमिपाठी ‘दहांस पाठव’,
दहांत पहिली माझी पाळी!

प्रत्येक ओळीत आठ आणि आठ अशा सोळा मात्रा आहेत. चार मात्रांना एक टाळी, म्हणजे ओळीला चार टाळ्या. फेर धरताना पाय चुकत नाहीत. ‘बातमी’ची ‘बातमि’ केली ती त्या एका मात्रेसाठी. शुद्धलेखनाच्या बाईंनी रागावू नये.

ध्रुवपद दोन बाजूंनी म्हणायचे. मुलींची रांग म्हणते, ‘पुरे ग आई, पुरे ग आई’. आयांची रांग उत्तर देते, ‘वाच ग बाळे, वाच ग बाळे’. हे उत्तर घातल्यावर गाण्यात जीव आला. त्याआधी थट्टा करणारी एकटीच बोलत होती आणि जिची थट्टा तिने गप्प ऐकायचे होते. थट्टेला प्रत्युत्तर मिळाले की तिला भांडणाचे नव्हे, लाडाचे रूप येते.

एका मुलीने एक कडवे सुचवले होते. आईला इंग्रजी वाचता येत नाही, ती भलतेच बटण दाबते आणि शोकसभेच्या निरोपाखाली टाळ्यांचे चित्र टाकते, असे त्यात होते. हसू आले, हे खरे. पण तालमीत आयांच्या रांगेतल्या दोघीजणी तेवढ्यापुरत्या गप्प राहिल्या. ते कडवे आम्ही काढून टाकले. चेष्टा निरोपाची असावी, आईच्या न येण्याची नसावी. जिच्यावर गाणे आहे तिला ते मोठ्याने म्हणता आले, तरच ते मायेचे गाणे. ही कसोटी सोपी आहे आणि ती तालमीतच कळते.

काढ्यावर हसावे, सुविचारावर हसावे. दोन हजारांच्या नोटेत चकती आहे आणि ती जमिनीखाली पुरली तरी सरकारला समजते, हा निरोप २०१६ साली नोटबंदीच्या वेळी घरोघर फिरला. त्यावरही हसावे, कारण तशी चकती कुठल्याच नोटेत नव्हती. पण एका जातीचा निरोप गाण्यात हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती माणसे सोलापूरकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत आलेली. मुले पळवणाऱ्यांविषयीचे निरोप त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होते, आणि ते पुढे धाडणाऱ्यांत मुलांच्या काळजीने घाबरलेल्या आयाही असणार.

त्या महिन्यातच भारतात एक निरोप एका वेळी पाचच जागी धाडता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली. पुढे २०१९ पासून, पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या निरोपावर दोन बाण दिसू लागले. एक बाण असला तर तो नुसता पुढे ढकललेला. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा निरोप एका वेळी एकाच जागी जातो. म्हणजे ‘दहा जणांना पाठवा’ हा हुकूम पाळायचा तर दहा वेळा बोट टेकवावे लागते! दोन बाण म्हणजे निरोप खोटाच, असे नव्हे. चांगली आरतीही दोन बाणांनी येते. धाडणारीने तो लिहिला नाही आणि तो पाच किंवा अधिक हातांतून आला आहे, एवढेच बाण सांगतात. शिवाय कोणी मजकूर उतरवून नव्याने टाकला, तर बाण दिसतच नाहीत. म्हणून भीतीचा किंवा औषधाचा निरोप असला तर बाण असोत वा नसोत, आधी विचारावे. हे सांगायला भाषण नको, कडवे पुरते:

दोन बाण जर माथ्यावरती,
थांब ग आई, विचार आधी!

येथे आयांची रांग ‘वाच ग बाळे’ म्हणत नाही. टाळ्याही थांबतात. चार मात्रा मोकळ्या जातात आणि मग फेर पुन्हा सुरू होतो. ऐकणारीला जे कळायचे ते त्या मोकळ्या जागेत कळते.

आता शेवटचे कडवे. साखळीच्या गाण्याला कुठे तरी पोचावे लागते. भोंडल्याचे गाणे माहेरी पोचते. आपले कोठे पोचावे? परगावी नांदणाऱ्या एका मुलीने सहज सांगितले, “ते फूल मी कधी उघडून पाहत नाही. पण आलेले दिसले की समजते, आई उठली, चहा झाला, बरी आहे.” आम्हाला तेथेच शेवट सापडला. ते फूल म्हणजे सुविचार नव्हेच. ती हजेरी आहे. रोज फोन करून ‘तू बरी आहेस ना?’ असे विचारले तर लेक कामात असेल, जावई काय म्हणतील, असा संकोच आईला वाटतो. फुलाला तो संकोच नाही.

आज सकाळी फोन न वाजे,
फूल न आले, काढा नाही,
जीव न लागे, काम सुचेना,
धाड ग आई, धाड ग आई!

हे कडवे निम्म्या लयीत, टाळीवाचून म्हणावे. ‘पुरे ग आई’ची ‘धाड ग आई’ झाली, एवढा एकच बदल. त्याला आणखी सजवू नये. मग आयांच्या रांगेने एकदाच ‘वाच ग बाळे’ म्हणून फेर सोडावा.

गाणे या अंकात वर दिले आहे. ज्या भगिनींना आपल्या घरचा निरोप त्यात घालायचा असेल त्यांनी काढ्याच्या जागी खुशाल घालावा. अर्ध्या ओळीच्या मात्रा मात्र आठच राहाव्यात.