फुटलेला आवाज आणि बसलेला आवाज

आजचा विषय घराघरातला आहे. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होतो, मिसरूड दिसू लागतं आणि एक दिवस "आई, जेवायला दे" म्हणताना मधेच आवाज चिरकतो. सगळे हसतात, तो लाजतो. आपण म्हणतो, आवाज फुटला. पण मराठीत दुसराही एक शब्द आहे, आवाज बसला. या दोन शब्दांतला फरक मला फौजेतून निवृत्त झाल्यावर, इथे रायपुरात, एका मुलामुळे कळला.

आधी आवाज फुटतो म्हणजे काय होतं ते पाहू. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, गळ्यात थोडं खाली सरकतं आणि कंठमणी पुढे दिसू लागतो. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तंबोऱ्यावर खर्जाची तार जाड असते, तसंच हे. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. पण त्या तंतूंना ताणणाऱ्या स्नायूंना नव्या लांबीची सवय व्हायला वेळ लागतो. अंदाज चुकला की आवाज वर उडी मारतो. हे काही महिने, कधी वर्षभर चालतं आणि आपोआप थांबतं. औषध लागत नाही.

आता त्या मुलाची गोष्ट. आमच्या कॉलनीतला, नववीतला, चौदा वर्षांचा. २६ जानेवारीच्या परेडचा कमांडर म्हणून शाळेने त्याला निवडलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीपासून मी त्याची तयारी घेऊ लागलो. रोज तासभर मैदानावर "परेड, सावधान!", "दाहिने मुड़!" मी मागे उभा राहून म्हणायचो, "और ज़ोर से!" आठ-दहा दिवसांत त्याचा आवाज घोगरा झाला. सगळे म्हणाले, वय आहे. मीही तेच म्हणालो.

जानेवारीच्या मध्यात त्याची आई म्हणाली, "काका, सकाळी जरा बरा असतो, पण संध्याकाळी याचा आवाजच निघत नाही हो." तेव्हा मी चमकलो. वयाचा चिरका आवाज संध्याकाळ बघून येत नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी त्याला लांब "आ" म्हणायला लावलं. स्वर उड्या मारत नव्हता, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखरत होता आणि मधून नुसती हवा निघत होती. मग नाकात बधिर करणारं औषध मारून बारीक लवचिक दुर्बीण आत घातली. काही मिनिटांचं काम. पडद्यावर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोट्या गाठी दिसल्या. फावडं मारून हाताला घट्टे पडतात, तसे ओरडून पडलेले घट्टे. ते माझ्या "और ज़ोर से"चे होते.

ऑपरेशन लागलं नाही. ओरडणं पूर्ण बंद, घसा खाकरणं बंद, आणि कुजबुजणंही बंद, कारण जोर लावून कुजबुजलं तरी तंतूंवर ताण येतो. पाणी भरपूर. शिवाय स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा, घशावर जोर न देता श्वासावर बोलायचा सराव. परेडची कमांड दुसऱ्या मुलाने दिली. हा थोडा रडला. दोनेक महिन्यांनी खरखर गेली आणि मग एक दिवस तो माझ्याशी बोलताना मस्तपैकी चिरकला. इतका आनंद मला कुठल्याही परेडने दिला नव्हता.

तर मंडळी, हिशेब सोपा आहे. आवाज उड्या मारतो, पण दोन उड्यांच्या मधला आवाज स्वच्छ आहे, दुखत नाही, तर हसून सोडून द्या. आवाज सतत घोगरा आहे आणि चार आठवड्यांत सुधारला नाही, तर "वय आहे" म्हणू नका, आत बघून घ्या. आणि श्वास घेताना आवाज येत असेल, गिळायला त्रास होत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, मानेत गाठ असेल, किंवा गळ्याला मार लागून आवाज बदलला असेल, तर चार आठवडेही थांबू नका. श्वासाचा त्रास असेल तर त्याच क्षणी निघा. आपल्या रायपुरात टाटीबंधच्या एम्समध्ये आणि मेकाहारात हा विभाग आहे.

वयाच्या दोन टोकांकडेही लक्ष ठेवा. नऊ वर्षांच्या आत आवाज फुटू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलट दाढी आली, सोळा-सतरा झाली आणि आवाज लहान मुलासारखाच पातळ राहिला, तर त्याला चिडवू नका. तपासणीत दुसरं काही नसेल, तर स्पीच थेरपीने तो बहुतेक वेळा खाली येतो.

मी आजही मुलांना ड्रिल शिकवतो. पण आता "और ज़ोर से" म्हणत नाही. म्हणतो, "पोटातून बोल बेटा, घशातून नको."

जय हिंद.